मदत हवी आहे: आठवणींच्या फाइलीतून निरोपाचे भाषण कसे बांधावे?

धागाकर्ती, कोल्हापूर

नमस्कार. मी कोल्हापुरात पाटबंधारे खात्याच्या एका उपविभागात वरिष्ठ लिपिक आहे. आमचे कालवा निरीक्षक, ज्यांना सारे कार्यालय अण्णा म्हणते, वयाची ५८ वर्षे पूर्ण करून या महिनाअखेरीस निवृत्त होत आहेत. सेवापूर्ती समारंभात कर्मचाऱ्यांच्या वतीने मला सात मिनिटे बोलायचे आहे. त्यासाठी सर्वांकडून आठवणी मागवून मी एक फाइल तयार केली. तीत चिठ्ठ्या आहेत, व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेशांच्या छापील प्रती आहेत, जुन्या नोंदवहीच्या काही पानांच्या झेरॉक्स आहेत आणि एका शेतकऱ्याचे पत्रही आहे.

हे सारे ओळीने वाचले की नुसती यादी होते; माणूस उभा राहत नाही. शिवाय ऑगस्ट २०१९ च्या महापुरातील एकच प्रसंग तिघांनी तीन प्रकारे लिहिला आहे. एकाच्या मते अण्णा रात्री कमरेएवढ्या पाण्यातून पातळी पाहायला गेले, दुसऱ्याच्या मते ते नावेतून गेले आणि तिसऱ्याच्या मते त्या रात्री त्यांची पाळीच नव्हती. तिसरी अडचण अशी, की फार पूर्वी त्यांच्याविरुद्ध एक खातेनिहाय चौकशी झाली होती आणि तीत ते निर्दोष ठरले होते. ते जाहीरपणे सांगावे, असा काहींचा आग्रह आहे. मी काय करावे?

सूत्रसंचालनाचा अनुभव असलेले, इचलकरंजी

नेमणुकीच्या दिवसापासून आजपर्यंत कालक्रमाने जावे. पहिली नेमणूक, बदल्या, पदोन्नती, मग महापूर आणि शेवटी शुभेच्छा. सेवापुस्तकातून तारखा तपासून घ्या, कारण चुकलेली तारीख सभागृहात कोणी ना कोणी पकडतेच.

मानपत्रे लिहिणारे, सांगली

मानपत्राची भाषा अलंकारिक ठेवावी आणि सुरुवात संस्कृत सुभाषिताने करावी. मजकूर एका पानात बसवून चौकटीत मढवून द्यावा. शालीचा रंग ठरला असल्यास कळवावे, त्याला शोभेल अशी चौकट सुचवतो.

धागाकर्ती

आपले आभार, परंतु मानपत्राचे काम दुसऱ्या सहकाऱ्यांकडे आहे. मला तोंडी बोलायचे आहे.

निवृत्त मराठी शिक्षिका, गडहिंग्लज

तारखा तपासाव्यात हे खरे, पण कालक्रम हा सेवापुस्तकाचा सांगाडा आहे. अध्यक्ष आणि साहेब तो आधीच सांगून मोकळे होतात. आपण तेच पुन्हा बोललात तर लोक घड्याळाकडे पाहू लागतील.

सावकाश आणि स्पष्ट बोलले तर मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. सात मिनिटांचे सातशे होतील, पण टाळ्या आणि दाटून येणारा कंठ धरून सहाशेच लिहा. सहाशे शब्दांत तीन प्रसंग नीट मावतात, चौथा घेतला की सगळेच उरकल्यासारखे वाटतात. म्हणून प्रत्येक कागदाच्या मागे पेन्सिलीने एकच ओळ लिहा: या प्रसंगात अण्णांनी प्रत्यक्ष काय केले? ‘मनमिळाऊ होते’, ‘सर्वांना सांभाळून घेत’ अशा कागदांच्या मागे काहीच लिहिता येणार नाही. ते बाजूला ठेवा. उरलेल्या ओळींत एकच सवय पुन्हा पुन्हा दिसते का, ते शोधा. तेच भाषणाचे सूत्र. आपल्याला काय सापडते ते येथे लिहा.

धागाकर्ती

आपण सांगितल्याप्रमाणे केले आणि बहुतेक कागद बाजूला गेले. उरलेल्यांत हे दिसले. नव्याने रुजू झालेला एक सहकारी लिहितो, की त्याने चौकीदाराकडून फोनवर पातळी विचारून वहीत लिहिली, तेव्हा अण्णांनी त्याला मोटारसायकलवर मागे बसवून बंधाऱ्यावर नेले आणि पट्टी वाचून पुन्हा लिहायला लावले. शेतकऱ्याच्या पत्रात असे आहे, की पावसाळ्यानंतर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात बर्गे घालताना वरच्या आणि खालच्या गावांत पाण्यावरून वाद पेटला, तेव्हा अण्णा दोन्हीकडच्या माणसांना घेऊन बंधाऱ्यावर उभे राहिले आणि खाली किती पाणी सुटते ते सर्वांसमक्ष मोजून दाखवले. तिसरा प्रसंग महापुराचा.

निवृत्त मराठी शिक्षिका, गडहिंग्लज

सूत्र आपल्यासमोरच आहे: अण्णा स्वतः पाहिल्याशिवाय आकडा लिहीत नाहीत. आता महापुराचे. तिघांपैकी प्रत्यक्ष सोबत कोण होते आणि ऐकून कोणी लिहिले, हे आधी विचारा. आपल्याकडे नोंदवहीची झेरॉक्स आहे. त्या रात्रीचे अक्षर कोणाचे आहे?

धागाकर्ती

पाण्यातून गेल्याचे आणि नावेचे, दोन्ही ऐकीव निघाले. तिसऱ्या सहकाऱ्याचे खरे आहे, पाळी दुसऱ्याची होती. तो शिरोलीपलीकडे राहतो आणि महामार्गावर पाणी आल्याने त्याला येता आले नाही. वहीत मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत दर तासाची नोंद आहे आणि अक्षर अण्णांचे आहे.

निवृत्त मराठी शिक्षिका, गडहिंग्लज

मग कमरेएवढे पाणी आणि नाव, दोन्ही सोडा. शौर्याच्या वाढीव कथेने सत्कारमूर्तीच अवघडतात, कारण खरे काय ते त्यांना ठाऊक असते. असे बोलता येईल:

‘राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले. त्या दिवसांतल्या एका रात्रीची ही वही. पाळी अण्णांची नव्हती. ज्यांची होती ते शिरोलीपलीकडे अडकले होते. पण या पानावर एकही तास कोरा नाही, आणि प्रत्येक तासापुढे अक्षर अण्णांचे आहे.’

येथे थांबा, वही उचलून दाखवा. ‘किती हा त्याग’ असे पुढे जोडू नका. क्रम असा ठेवा: आधी नव्या सहकाऱ्याचा प्रसंग, म्हणजे सवय कळेल, मग बंधाऱ्यावरचा वाद, म्हणजे त्या सवयीचा गावांना झालेला उपयोग दिसेल, शेवटी वही. लिहिलेली वाक्ये मोठ्याने वाचा आणि जिथे श्वास अपुरा पडेल तिथे वाक्य तोडा.

बँक कर्मचारी, जयसिंगपूर

माझा अनुभव सांगतो. आमच्या रोखपालांच्या निरोपाला एकाने भावनेच्या भरात सांगितले, की मुलीच्या लग्नात यांनी मला उसने पैसे दिले. सत्कारमूर्तींनी ते घरी सांगितलेले नव्हते आणि पत्नी पहिल्या रांगेत होत्या. म्हणून बंधाऱ्याच्या वादातील गावांची नावे घेऊ नका आणि नव्या सहकाऱ्याला तो प्रसंग सांगितलेला चालेल का, ते आधी विचारा.

सूत्रसंचालनाचा अनुभव असलेले, इचलकरंजी

चौकशीचे मात्र सांगायलाच हवे, असे माझे मत आहे. निर्दोष सुटल्याची बातमी कधी मोठ्याने सांगितली जात नाही, आरोपाची जाते. सर्वांसमोर तो डाग पुसण्याची ही शेवटची संधी आहे.

निवृत्त मराठी शिक्षिका, गडहिंग्लज

आपली कळकळ पटते, पण ज्यांना ती चौकशी ठाऊकच नाही अशी तरुण मंडळी आणि नातेवाईक सभागृहात असतील. त्यांना आधी आरोप सांगावा लागेल, मगच सुटका. सात मिनिटांतील दोन त्यातच जातील आणि लक्षात आरोप राहील. आकडा पाहून लिहिणारा माणूस सभागृहाला दिसला, तर ज्यांना ठाऊक आहे त्यांच्यापर्यंत ते न बोलताही पोहोचेल.

धागाकर्ती

दोन्ही बाजू मला पटतात. आग्रह धरणाऱ्यांपैकी एक त्या चौकशीत अण्णांच्या बाजूने साक्ष देणारे गृहस्थ आहेत, म्हणून त्यांना सरळ नकार देणे मला जड जाते. नव्या सहकाऱ्याने आनंदाने होकार दिला आहे. मूळ वही बाहेर नेण्यासाठी साहेबांची परवानगी मागितली आहे. न मिळाल्यास झेरॉक्स दाखवीन. चौकशीबद्दल अण्णांना स्वतः विचारावे की वहिनींना, हे अजून ठरलेले नाही. असा प्रसंग कोणी हाताळला असेल तर जरूर लिहावे.