मदत हवी आहे: हबमधून 4K स्क्रीन 30 हर्ट्झवरच अडकते

मंडळी, लॅपटॉपला सात-इन-वन यूएसबी-सी हब लावलाय. त्यातून 27 इंची 4K मॉनिटर 30 हर्ट्झच्या वर जात नाही. माउसचा बाण अक्षरशः अडखळत चालतो. हब काढून साधी सी-टू-एचडीएमआय केबल थेट लावली की तोच मॉनिटर, तेच पोर्ट, आणि 60 हर्ट्झ मिळतात. म्हणजे लॅपटॉप निर्दोष.

मला कळलंय ते असं: सी पोर्टात वेगवान डेटाच्या चार लेन असतात. केबल चारही चित्राला देते, हब मात्र दोन यूएसबी 3 साठी ठेवतो. माझ्या लॅपटॉपचं डिस्प्लेपोर्ट 1.2 आहे, त्यामुळे उरलेल्या दोन लेनमध्ये 4K 30 लाच मावतं. पण हबमधली एचडीएमआय चिपच 1.4 ची असेल तरी हेच होणार ना? दोष नेमका कुणाचा, हे ओळखायचं कसं?

दुसरं दुखणं: हबवरच्या एसएसडीत मोठी फाइल टाकली की दहा मिनिटांत हब इतका तापतो की हात लावू देत नाही, मग इंटरनेट तुटतं. एसएसडी लॅपटॉपच्या दुसऱ्या पोर्टात लावली की सगळं सुरळीत.

यूएसबी 2 वर समाधान मानून चारही लेन चित्राला देणारा हब कुणी वापरलाय का? लॅपटॉपला थंडरबोल्ट नाही.