प्रतिसाद: खोट्या टॅक्सी बिलाबद्दल लेखी ताकीद

> «लोअर परेलच्या ऑफिसातल्या एकाने टॅक्सीचं ३४० रुपयांचं बिल १,३४० करून लावलं. खुलाशात कबूलही केलं. ताकीदपत्रात काय लिहू?»

खुलासा हातात आहे हे उत्तम. पत्रात त्याची तारीख टाकाच. 'फसवणूक केलीत' एवढं मोघम नको. क्लेमचा क्रमांक, प्रवासाची तारीख, त्याने जोडलेल्या पावतीवरचा आकडा आणि अ‍ॅपमधल्या मूळ पावतीवरचा आकडा शेजारीशेजारी लिहा, दोन्ही प्रती सोबत जोडा. 'चोर', 'लबाड' असले शब्द टाळा. आकडे पुरेसं बोलतात.

वसुली फक्त फरकाची, म्हणजे १,००० रुपये. प्रवास खरा होता, त्यामुळे ३४० त्याचेच. पगारातून कापायचे तर कोणत्या महिन्यात ते लिहून त्याची लेखी संमती घ्या. दंड म्हणून वर काही लावू नका.

शेवटी 'पुन्हा घडल्यास आपोआप बडतर्फ' असं लिहायचा मोह होतो. तसं केलंत तर कामगार न्यायालयात अडचण होईल. 'पुन्हा असं आढळल्यास खातेनिहाय चौकशी होईल, दोष सिद्ध झाल्यास बडतर्फीपर्यंत शिक्षा होऊ शकते आणि त्या वेळी ही ताकीद विचारात घेतली जाईल' असं लिहा. आणि साहेबांना आधीच विचारून घ्या, कारण ताकीद दिल्यावर याच बिलासाठी दुसरी शिक्षा देता येणार नाही.