वरच्या ओळीत ठोकळे दिसत असताना आधी स्क्रू फिरवावा की पत्ता शोधावा?

पहिलाटाका: माझ्याकडे १६ अक्षरे आणि २ ओळींचा डिस्प्ले आहे व त्याच्या मागे दोन तारांवर चालणारे बॅकपॅक बोर्ड मी स्वतः सोल्डर केले आहे. वीज ५ व्होल्टची असून पडद्यामागचा दिवा नीट लागतो, परंतु वरच्या ओळीत १६ भरीव ठोकळे दिसतात आणि खालची ओळ पूर्ण कोरी राहते. प्रोग्रॅममध्ये बॅकपॅकचा पत्ता `0x27` दिला आहे. पहिला संशय कशावर घ्यावा?

स्क्रूफिरवा: माझे मत स्पष्ट आहे: कोणतीही तार हलवण्यापूर्वी मागच्या, कॉन्ट्रास्ट ठरवणाऱ्या निळ्या प्रीसेटचा स्क्रू फिरवून पाहावा. माझ्या हाताखालून गेलेले बहुतेक ‘बंद’ डिस्प्ले प्रत्यक्षात चालू होते, फक्त कॉन्ट्रास्ट एका टोकाला गेलेला होता. ठोकळे दिसणे याचा अर्थ कॉन्ट्रास्ट जास्त झाला आहे. तो कमी केला की त्यांच्या मागची अक्षरे दिसू लागतात. पेचकसाचे अर्धे मिनिटाचे काम सोडून पत्ते शोधत बसण्यात मला अर्थ वाटत नाही.

जुनीप्रयोगवही: हा सल्ला कोऱ्या पडद्यासाठी बरोबर आहे, परंतु येथे तो लागू होत नाही, आणि त्याचे कारण पडद्यावरच दिसते आहे. या डिस्प्लेचा नियंत्रक वीज मिळताच स्वतःला एका ओळीच्या अवस्थेत ठेवतो. दोन ओळी वापरायच्या आहेत हे त्याला प्रोग्रॅमने सांगावे लागते. त्यामुळे वरची ओळ भरलेली आणि खालची कोरी, हे चित्र ‘मला अजून कोणी काही सांगितलेले नाही’ एवढेच सांगते. अशा वेळी स्क्रू कितीही फिरवला तरी ठोकळे गडद किंवा फिके होतील, पण त्यांच्या मागे अक्षरे नसल्यामुळे ती दिसणार नाहीत. ४ ओळींच्या डिस्प्लेवर हीच खूण पहिल्या आणि तिसऱ्या ओळीत दिसते.

याउलट दोन्ही ओळींत सारखेच चौकोन दिसत असतील, तर नियंत्रकाने सूचना ऐकलेल्या असतात आणि कॉन्ट्रास्ट मात्र जास्त असतो. तेथे स्क्रूच फिरवावा. मला एवढेच म्हणायचे आहे की पेचकस हातात घेण्यापूर्वी ओळी मोजाव्यात.

मध्यरात्रीचाकोड: दिवा लागतो आहे, म्हणजे बोर्डाशी संपर्क होतो आहे, हे उघड आहे. तेव्हा तारा आणि पत्ता यांचा विषय संपला. प्रोग्रॅममध्ये `lcd.backlight()` ही ओळ आहे ना? ती असेल तर चूक पुढच्या ओळींत शोधावी.

जुनीप्रयोगवही: येथे फसगत होते. बॅकपॅकवरची चिप वीज मिळताच आपल्या आठही वाटा वर उचलते, आणि दिव्याचा ट्रान्झिस्टर त्यांतल्याच एका वाटेवर असतो. म्हणून दोन्ही संदेशतारा काढून ठेवल्या तरी दिवा बहुधा लागतोच. तो आपल्या आज्ञेने लागतो का, हे पाहायचे असेल तर प्रोग्रॅममधून तो सेकंदभर बंद आणि सेकंदभर चालू करावा. लुकलुकला, तर तारा आणि पत्ता दोन्ही बरोबर आहेत. न लुकलुकता लागूनच राहिला, तर आपण भलत्याच दारावर थाप मारतो आहोत.

पहिलाटाका, आपण आधी खालचा प्रोग्रॅम चालवून पाहावा. तो दोन्ही संदेशतारांवर कोणत्या पत्त्यावरून उत्तर येते एवढेच विचारतो.

```cpp
#include <Wire.h>
void setup() {
  Wire.begin();
  Serial.begin(9600);
  for (byte a = 8; a < 120; a++) {
    Wire.beginTransmission(a);
    if (Wire.endTransmission() == 0) {
      Serial.print("0x");
      Serial.println(a, HEX);
    }
  }
}
void loop() {}
```

काहीच छापले गेले नाही, तर एसडीए आणि एससीएल या दोन संदेशतारांची अदलाबदल झाली आहे का आणि जमीन दोन्हीकडे जोडली आहे का, हे पाहावे. अर्डुइनो उनो बोर्डावर एसडीए `A4` ला आणि एससीएल `A5` ला जाते.

पहिलाटाका: चालवला. `0x3F` असे एकच उत्तर आले. `0x27` मी एका नमुना प्रोग्रॅममधून जसेच्या तसे उचलले होते.

जुनीप्रयोगवही: मग आपल्या चिपवरचा मजकूर भिंगातून वाचावा. पीसीएफ८५७४ आणि पीसीएफ८५७४ए या दोन भावंडांचे काम एकच, पण पत्ते वेगळे आहेत: पहिल्याचे `0x20` ते `0x27` आणि ‘ए’ असलेल्याचे `0x38` ते `0x3F`. बॅकपॅकवरच्या ए०, ए१ आणि ए२ या तीन जागा सोल्डरने जोडलेल्या नसतील, तर या बोर्डांवर त्या-त्या चिपचा सर्वांत वरचा पत्ता मिळतो. शेवटच्या ‘टी’ या अक्षराने गोंधळू नये. ते चिपच्या बांधणीचे आहे. ‘८५७४’ च्या लगेच पुढे ‘ए’ आहे की नाही, तेवढे पाहावे.

स्क्रूफिरवा: हे मला ठाऊक नव्हते, मान्य करतो. तरीही नवशिक्याला आधी प्रोग्रॅम चालवायला सांगणे मला उलटे वाटते. पडदा कोरा असेल, तर पत्ता बरोबर असूनही त्याला काही दिसणार नाही, आणि तो बरोबर चाललेला प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा मोडत बसेल. असे करणारे मी पाहिले आहेत.

तीनपूर्णांकतीन: माझा पडदा असाच कोरा होता आणि स्क्रूने काहीही झाले नाही. माझा प्रोग्रॅम चालवणारा बोर्ड ३.३ व्होल्टचा असल्यामुळे मी डिस्प्लेलाही ३.३ व्होल्ट दिले होते. पत्ता सापडत होता, दिवा मंद लागत होता, पण अक्षर एकही नाही. पुढे समजले की पडद्याची वीज आणि कॉन्ट्रास्टच्या पायावरचा दाब यांत साधारण ४ व्होल्टपेक्षा जास्त फरक लागतो, आणि ३.३ मधून तो स्क्रू टोकाला नेऊनही मिळत नाही. डिस्प्लेला ५ व्होल्ट दिल्याबरोबर अक्षरे उमटली. तेव्हापासून तो दोन वर्षे असाच चालू आहे, संदेशतारा थेट जोडलेल्या.

जुनीप्रयोगवही: निदान अचूक आहे, ‘थेट जोडलेल्या’ हा भाग मात्र मला पटत नाही. बॅकपॅकवर दोन्ही संदेशतारांना वर ओढणारे रोधक बसवलेले असतात आणि ते त्याच्या स्वतःच्या विजेला जोडलेले असतात, म्हणजे आता आपल्या ३.३ व्होल्टच्या पायांवर ५ व्होल्ट येत आहेत. मध्ये पातळी बदलणारे छोटे बोर्ड घालावे, किंवा ते रोधक काढून ३.३ व्होल्टच्या बाजूला बसवावेत.

तीनपूर्णांकतीन: रोधकातून येणारा प्रवाह अगदी थोडा असतो, त्याने पाय जळत नाही, असा माझा अनुभव आहे. तुमचे म्हणणे कागदावर बरोबर असेल. मी माझा डिस्प्ले उघडणार नाही.

पहिलाटाका: विषय माझ्याकडे वळवतो. पत्ता `0x3F` केला. दिवा आता आज्ञेप्रमाणे लुकलुकतो. ठोकळे मात्र तसेच आहेत, आणि प्रोग्रॅममध्ये `lcd.init()` आहे.

मध्यरात्रीचाकोड: मग लायब्ररी बदला. काही बॅकपॅकवर चिपच्या वाटा डिस्प्लेच्या पायांना वेगळ्या क्रमाने जोडलेल्या असतात, त्यामुळे पत्ता बरोबर असूनही आज्ञा भलत्या पायावर जातात. `hd44780` या लायब्ररीतला `hd44780_I2Cexp` हा प्रकार पत्ता आणि हा क्रम दोन्ही स्वतः ओळखतो.

जुनीप्रयोगवही: या वेळी मी सहमत आहे, आणि त्याच लायब्ररीतला `I2CexpDiag` हा तपासणी प्रोग्रॅमही चालवावा, तो डिस्प्लेच्या स्मृतीत लिहून परत वाचतो. परंतु दिवा नेहमीच्या लायब्ररीनेच लुकलुकला, म्हणजे निदान दिव्याची वाट नेहमीच्या जागी आहे. आपण टाके स्वतः मारले आहेत, म्हणून माझा संशय डिस्प्लेच्या ५ क्रमांकाच्या पायावर जातो. हा लिहिणे की वाचणे ठरवणारा पाय आहे, आणि नियंत्रकाच्या आत त्याला वर ओढणारी सोय आहे. तो टाका कच्चा असेल, तर पाय आपोआप वर राहतो, नियंत्रक ‘वाचा’ या अवस्थेत अडकतो आणि त्याला दिलेली एकही सूचना तो स्वीकारत नाही.

प्रोग्रॅम चालू ठेवून मल्टिमीटरचे काळे टोक जमिनीला लावावे व लाल टोकाने त्याच पायाची दोन्ही बाजूंनी मोजणी करावी: एकदा बॅकपॅकच्या बाजूला आणि एकदा डिस्प्लेच्या हिरव्या पाटीवरच्या तांब्याच्या कड्यावर. टोक पिनवर न दाबता कड्यावरच टेकवावे, नाहीतर दाबामुळे कच्चा टाका तेवढ्यापुरता जुळतो आणि आपण फसतो.

पहिलाटाका: बॅकपॅकच्या बाजूला ०.०२ व्होल्ट, डिस्प्लेच्या कड्यावर ४.७ व्होल्ट. भिंगातून पाहिल्यावर पिनभोवती सोल्डरचा गोळा दिसतो, पण तो कड्याला चिकटलेलाच नाही. मध्ये फ्लक्सची पिवळी कड आहे. तो टाका तापवून पुन्हा मारला. वीज बंद करून पुन्हा दिली आणि दोन्ही ओळींत अक्षरे आली! अक्षरांच्या मागे फिके चौकोन दिसत होते, ते स्क्रू किंचित फिरवल्यावर गेले.

स्क्रूफिरवा: शेवटी स्क्रू लागलाच, याची नोंद असावी.

जुनीप्रयोगवही: नोंद केली. ठोकळे दिसणे म्हणजे कॉन्ट्रास्ट अगदी नेमका आहे असे नव्हे. तो दिसण्याइतपत पुरेसा आहे एवढेच. दोन ओळींची अवस्था सुरू झाल्यावर तो थोडा हलवावा लागतो, आणि स्क्रूची खरी वेळ ती आहे. आपला पहिला आक्षेपही मी पूर्ण खोडलेला नाही: पडदा संपूर्ण कोरा असेल, तर मीही प्रथम स्क्रू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश नेते, कारण अक्षरे दिसण्याचा पट्टा फार अरुंद असतो आणि घाईत तो ओलांडला जातो.

पहिलाटाका: माझ्याकडे तसाच दुसरा डिस्प्ले आहे. तो पूर्ण कोरा आहे, पत्ता `0x27` सापडतो, दिवा लुकलुकतो. आपल्या सांगण्यावरून धीर आला म्हणून ३ क्रमांकाच्या पायाचे कडे मोजले: स्क्रू कोठेही नेला तरी ४.६ व्होल्टच.

जुनीप्रयोगवही: ५ व्होल्टच्या डिस्प्लेवर तेथे साधारण अर्धा ते एक व्होल्ट हवा, ४.६ वर पडदा कोराच राहणार. आता निळ्या प्रीसेटच्या मधल्या पायावर मोजावे. तेथे आकडा स्क्रूबरोबर बदलत असेल, तर ३ क्रमांकाचा टाका पाचव्यासारखाच कच्चा आहे, आणि डिस्प्लेच्या आतली रोधकांची साखळी त्या कड्याला वर ओढते आहे. तेथेही बदलत नसेल, तर प्रीसेटचा जमिनीकडचा पाय तुटलेला असू शकतो.

स्क्रूफिरवा: किंवा स्क्रूच आतून निसटून नुसता फिरत असेल. माझ्याकडे असे दोन झाले आहेत.

पहिलाटाका: मल्टिमीटरची बॅटरी आताच संपली. मोजल्यावर आकडा येथेच लिहितो.