सात वर्षांचा मुलगा, ओले अंथरूण आणि भिंतीवरच्या चांदण्या

ओवी_नाशिक: माझा मुलगा सात वर्षांचा आहे. आठवड्यातून चार-पाच रात्री तो अंथरूण ओले करतो. दिवसा काहीही त्रास नाही. सासूबाई "एवढा घोडा झालास तरी" म्हणतात, यजमान रात्री दोन वाजता उचलून बाथरूममध्ये नेतात आणि मी कोरड्या रात्रीबद्दल भिंतीवरच्या तक्त्यात चांदणी चिकटवते. आमच्यापैकी कोणाचे बरोबर आहे?

निवृत्त_गुरुजी: यजमानांचे. संध्याकाळी पाचनंतर पाणी बंद करावे आणि बारा व तीन वाजता उठवावे. आमच्या दोन्ही मुलांची सवय अशीच सुटली. सासूबाईंचेही अगदीच चूक म्हणणार नाही, कारण थोडी लाज वाटल्याशिवाय मूल मनावर घेत नाही.

मेणकापड: गुरुजी, बालरोग विभागात परिचारिका म्हणून मी बरीच वर्षे काम केले आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. ही सवयच नव्हे. मूत्राशय भरल्याचा निरोप झोपेत मेंदूपर्यंत पोहोचून जाग येणे, ही गोष्ट काही मुलांत उशिरा जमते; काहींना रात्री लघवीच जास्त तयार होते. या वयात शंभरातील पाच ते दहा मुलांचे असे होते आणि दरवर्षी त्यांतील काहींचे आपोआप थांबते. आपल्या मुलांचे थांबले तेव्हा तुम्ही त्यांना उठवत होता, एवढेच त्यावरून सिद्ध होते. अर्धवट झोपेतल्या मुलाला उचलून नेल्याने चादर कोरडी राहते, पण त्याला स्वतःहून जाग यायला शिकवले जात नाही.

ओवीताई, चांदण्यांबद्दल माझे मत तुम्हाला कदाचित आवडणार नाही. झोपेत घडणारी गोष्ट त्याच्या हातात नाही, तेव्हा कोऱ्या राहिलेल्या चौकोनातून तो सासूबाईंचेच वाक्य वाचतो. चांदणी द्यायचीच तर झोपण्यापूर्वी शू करून आल्याबद्दल द्यावी, कारण ते त्याला जमण्यासारखे आहे. आता दोन गोष्टी सांगा: शाळेतून पाण्याची बाटली किती भरलेली परत येते, आणि त्याला शौचाला रोज साफ होते का?

पिल्लूची_मम्मी: माझी मुलगीही रात्री ओले करते, अडीच वर्षांची आहे. डायपर कधी बंद करावा?

मेणकापड: अडीच वर्षांच्या बाळाचा प्रश्न निराळा आहे, त्या वयात रात्री कोरडे राहण्याची अपेक्षाच नसते.

ओवी_नाशिक: बाटली जवळजवळ भरलेलीच परत येते. शाळेतील स्वच्छतागृहाला वास येतो म्हणून तो पाणी पीत नाही, आणि घरी आला की संध्याकाळी दोन-तीन पेले सलग पितो. शौचाला तीन-तीन दिवसांनी होते, तेही खडा.

मेणकापड: मग सुरुवात तेथूनच करावी. आतड्यात साचलेला कडक मळ मूत्राशयावर दाबतो आणि त्याची जागा खातो. त्यासाठीचे औषध डॉक्टरांना विचारूनच द्यावे, आणि ते बरेचदा काही आठवडे चालू ठेवावे लागते. पाणी तोडायचे नाही, फक्त त्याची वेळ बदलायची: बहुतेक पाणी दुपारपर्यंत, संध्याकाळी तहानेपुरते, आणि चहा-कोला मुळीच नाही. सुटीच्या दिवशी प्रत्येक वेळची लघवी मापाच्या भांड्यात मोजा, सकाळची पहिली सोडून. सात वर्षांच्या मुलाची सर्वांत मोठी लघवी साधारण २४० मिलीच्या आसपास असावी अशी अपेक्षा असते.

ओवी_नाशिक: रविवारी मोजली. सर्वांत मोठी १३० मिली भरली.

कोरडा_चाळिशीत: मी स्वतः दहा वर्षांचा होईपर्यंत अंथरूण ओले करत होतो. आजीने एकदा माझी गादी मुद्दाम अंगणाच्या कठड्यावर वाळत घातली होती. गुरुजी, त्या लाजेने मी "मनावर" एवढेच घेतले की ओली चादर गादीखाली लपवायची आणि मामाकडे राहायला जायचे टाळायचे. माझा मुलगाही ओले करायचा. त्याला माझी गोष्ट सांगितली, तेव्हा त्याने पहिल्यांदा विचारले, "बाबा, तुम्हीपण?"

निवृत्त_गुरुजी: लाजेचा मुद्दा मागे घेतो. पण ओली चादर मुलाने स्वतः काढावी, एवढी जबाबदारी तरी असू द्या. नाहीतर आईने उठून सगळे निस्तरायचे आणि त्याने खुशाल झोपायचे, हे मला पटत नाही.

मेणकापड: शिक्षा म्हणून नको, आईबरोबर चादर यंत्रात टाकणे चालेल. गादीवर मेणकापड आणि त्यावर दोन चादरी घाला, म्हणजे रात्री वरची एक ओढून काढली की काम झाले. तीनदा पोट साफ झाले म्हणून थांबू नका, दोन महिने पाहा. तरीही फरक पडला नाही तर ओल लागताच वाजणारा गजर वापरता येतो. तो सलग दोन-तीन महिने, रोज वापरावा लागतो आणि सुरुवातीला मुलाऐवजी आईवडीलच जागे होतात. सहा महिने कोरडा राहून पुन्हा सुरू झाले, तहान फार वाढली, वजन घटले किंवा लघवीला जळजळ झाली, तर मात्र वाट न पाहता दाखवावे.

ओवी_नाशिक: गजराचीच अडचण आहे. आम्ही सहाजण दोन खोल्यांत झोपतो, धाकटी आठ महिन्यांची आहे.

कोरडा_चाळिशीत: आम्ही त्याच कारणाने तीन आठवड्यांत सोडला.

मेणकापड: तर तूर्त गजर राहू द्या. भिंतीवरचा तक्ता मात्र आज रात्रीच काढा.

ओवी_नाशिक: काढला. तो विचारतो आहे, जुन्या अकरा चांदण्या ठेवून घेऊ का.