‘तो इथे असता तर…’ : वेअर की हॅड बीन?

मुक्ता: ‘तो इथे असता तर किती बरं झालं असतं’ हे मी ‘आय विश ही हॅड बीन हिअर’ असं लिहिलं आणि ते चूक ठरलं. त्याची गरज आत्ता आहे, तो आत्ता नाही. मग ‘हॅड बीन’ का नको?

अनिरुद्ध: घोळ ‘असता’मुळे होतो. मराठीत ‘तो इथे असता तर’ आजबद्दल म्हणता येतं आणि कालबद्दलही. इंग्रजीत मात्र वेळ क्रियापदातूनच कळते. म्हणून आधी खरी परिस्थिती साध्या वाक्यात मांडा. ‘ही इजंट हिअर’ हे वर्तमानातलं, त्यातला नकार काढा आणि क्रियापद एक पायरी मागे न्या : ‘आय विश ही वेअर हिअर’. काल नव्हता, म्हणजे ‘ही वॉजंट हिअर’. तेही एक पायरी मागे नेलं की ‘आय विश ही हॅड बीन हिअर येस्टरडे’. तुम्ही एक पायरी जास्त मागे गेलात.

श्रीपाद: ‘आय विश ही वॉज हिअर’ मात्र साफ चूक. अशा वाक्यात नेहमी वेअरच.

अनिरुद्ध: वेअर लिहिणं केव्हाही सुरक्षित, हे बरोबर. पण बोलण्यात वॉज सर्रास चालतं, त्याला चूक म्हणता येणार नाही. ‘इफ आय वेअर यू’ मध्ये मात्र वेअरच ठेवा. आणि प्रत्येक इफपुढे वेअर लावू नका. ‘इफ ही वॉज अ‍ॅट होम येस्टरडे, ही मस्ट हॅव सीन द लेटर’ : इथे तो घरी असेलही, आपल्याला माहीत नाही. वेअर घातलं तर वाक्य बिघडतं.

रेवती: मी मेलमध्ये ‘आय विश यू विल रिकव्हर सून’ लिहिते. तिथेही वेअर आणायचं का?

पूर्वा: नाही, तिथे विशच नको. बरं होणं शक्य आहे आणि तुम्हाला ते हवं आहे, म्हणून ‘आय होप यू रिकव्हर सून’. विशच ठेवायचं तर पुढे नाम घ्या : ‘आय विश यू अ स्पीडी रिकव्हरी’.

मुक्ता: आणि ‘इफ ओन्ली’?

पूर्वा: पायऱ्या त्याच, हळहळ जास्त. ‘इफ ओन्ली ही वेअर हिअर!’ एवढ्यावरच वाक्य थांबू शकतं. फक्त ‘ओन्ली इफ’शी गल्लत करू नका, तिथे अट असते.

मुक्ता: विशच भूतकाळात गेलं तर? काल तो नव्हता आणि तेव्हाच मला तसं वाटलं.

अनिरुद्ध: ‘आय विश्ड ही वेअर हिअर’. वाटणं आणि नसणं एकाच वेळचं, म्हणून वेअर हलत नाही. वाटण्याच्या आधीची गोष्ट असेल तरच हॅड बीन.

श्रीपाद: तरी परीक्षेच्या पेपरात वॉज लिहू नये, असंच मी सांगेन.

पूर्वा: निबंधात मीही टाळेन. पण पात्रांच्या संवादात वेअरचा आग्रह मला पटत नाही.