मदत हवी आहे: डॉक्युमेंटेशन तपासताना 'उत्तर नाही' आणि 'उत्तर सापडत नाही' वेगळं कसं करायचं?

नमस्कार मंडळी, आमच्या पेमेंट एपीआयच्या डॉक्सचं मूल्यमापन माझ्याकडे आलंय. अचूकपणा तपासणं त्यातल्या त्यात सोपं, प्रत्येक कोड सॅम्पल कोऱ्या मशीनवर जसंच्या तसं चालवायचं आणि चुकलं की नोंद करायची. घोडं अडलंय ते पुढे.

नवीन डेव्हलपरला काम दिलं, "ग्राहकाला अर्धेच पैसे परत कर". त्याने सर्चमध्ये `partial refund` टाकलं, काहीच आलं नाही, मग मेनूत फिरला आणि शेवटी म्हणाला डॉक्समध्ये हे नाहीच. खरं तर आहे, पण 'रिव्हर्सल ऑब्जेक्ट' नावाच्या पानावर `amount` फील्डच्या वर्णनात एका ओळीत, म्हणजे पान फील्डप्रमाणे लिहिलंय, कामाप्रमाणे नाही. मी ते पान त्याच्यासमोर उघडून दिलं तर रिक्वेस्ट गेली, पण दुसऱ्यांदा पाठवल्यावर `409` आला आणि तो का येतो ते खरंच कुठे लिहिलेलं नाही.

म्हणून आता दोन टप्पे करतोय, आधी स्वतः शोधू द्यायचं, अडला की योग्य पान हातात द्यायचं. पान मिळाल्यावर काम झालं तर दोष शोधण्याचा, तरीही अडला तर मजकुराचा. पण एकदा पान दाखवलं की तो माणूस पुढच्या कामांसाठी शिकलेला असतो, मग कामांचा क्रम प्रत्येकासाठी बदलता का? आणि प्रश्नात डॉक्समधलेच शब्द येऊ नयेत म्हणून सपोर्ट तिकिटांमधली भाषा उचलली तर चालेल का? कोणी केलंय का असं?