मदत हवी आहे: जुन्या ईव्हीचं ९७ टक्के एसओएच खरं धरावं का?

मृण्मयी_कोथरूड:
वापरलेली इलेक्ट्रिक गाडी घेतेय. बॅटरी ३० युनिटची, एलएफपी प्रकारची. मालकांनी ओबीडी डोंगल लावून मोबाइलवर एसओएच, म्हणजे नव्याच्या तुलनेत बॅटरीची उरलेली क्षमता, ९७ टक्के दाखवलं. गाडी ऑफिसपुरतीच फिरली, चार्जिंग कायम ७० पर्यंतच केलं म्हणतात. माणसं सरळ वाटली, पण आमची बरीचशी बचत यात जाणार आहे. हा आकडा येतो कुठून? घेण्याआधी स्वतः तपासता येईल का?

सातारारोड:
माझीही तीच तक्रार. आधी फुल चार्जला २२० दाखवायची, परवा एक्स्प्रेसवेवरून आलो तर १७० दाखवतेय. बॅटरी गेली का?

अभिजित_चिंचवड:
सातारारोड, तो रेंजचा अंदाज आहे, अलीकडे गाडी कशी चालवली त्यावरून काढलेला. एसी लावून शंभरच्या वेगाने पळवली तर नव्या गाडीचाही उतरेल.

मृण्मयीताई, एसओएच थेट मोजलं जात नाही. बॅटरीवर लक्ष ठेवणारं बीएमएस किती करंट आत गेला, किती बाहेर आला याचा हिशेब ठेवतं आणि गाडी निवांत उभी असताना सेलच्या व्होल्टेजवरून तो ताडून बघतं. एलएफपीत मधल्या मोठ्या पट्ट्यात व्होल्टेज जेमतेम हलतं, त्यामुळे खरा पडताळा मिळतो तो टोकांना. कायम ७० ला थांबवलेल्या गाडीचा ९७ म्हणजे बरेच दिवस न तपासलेला हिशेब.

तपासायचं असं: आधी एकदा १०० करा आणि चार्जर लगेच काढू नका, सेल बॅलन्स होऊ द्या. मग गाडी १० टक्क्यांपर्यंत चालवा, पुन्हा साध्या एसी चार्जरवर सलग १०० करा आणि ईव्ही मीटरचं आधीचं-नंतरचं रीडिंग घ्या. समजा २८ युनिट पडली. त्यातली साधारण १० टक्के चार्जिंगमध्येच जातात, म्हणजे बॅटरीत सव्वापंचवीस. ९० टक्क्यांना सव्वापंचवीस, तर शंभराला २८. म्हणजे ३० पैकी ९३ टक्के. दोन-तीन टक्के इकडेतिकडे धरा. उतरताना २५ वरून एकदम १२ वर उडी मारली, तर एखादा सेल कमजोर असू शकतो. मग सर्व्हिस सेंटरचा रिपोर्ट आल्याशिवाय पैसे देऊ नका.

पर्णकुटी:
१०० कधीच करू नये हो! त्यानेच बॅटरी मरते. मी ८० च्या वर जात नाही.

अभिजित_चिंचवड:
एनएमसी प्रकारची बॅटरी असेल तर तुमची सवय चांगली. एलएफपीला मात्र अधूनमधून १०० लागतंच, आठवड्यातून एकदा करा असं बऱ्याच कंपन्या सांगतात. बॅटरी झिजते ती भरून ठेवल्याने, तेही उष्णतेत. एप्रिल-मेमध्ये फुल चार्ज गाडी उघड्या पार्किंगला ठेवून गावी जाणं सगळ्यात वाईट. जाताना ५० च्या आसपास ठेवा.

सातारारोड:
आणि डीसी फास्ट? मी लोणावळ्याला घाट चढलो की लगेच लावतो.

अभिजित_चिंचवड:
तापलेल्या बॅटरीवर फास्ट चार्जिंग म्हणजे उष्णतेत भर. लिक्विड कूलिंग असेल तर गाडी स्वतःच चार्जिंगचा वेग कमी करून सांभाळते. कधीतरी लावल्याने बिघडत नाही, रोजची सवय नको.

मृण्मयी_कोथरूड:
मालक तयार झाले, शनिवारी करतोय. पण त्यांच्या सोसायटीत ईव्हीला वेगळं मीटर नाही, पार्किंगचा साधा १५ अँपिअरचा पॉइंट आहे. प्लगला लावायचं छोटं युनिट मीटर इतके तास लोड घेईल का? कुणी वापरलंय?